पट्टीभर व्हीपीसी आणि एकुलती एक व्हीपीसी: औषध कोणत्या कुत्र्याला?

दोन ईसीजी शेजारी ठेवून बघू. पहिला 30 किलोच्या लॅब्रॅडॉरचा. प्लीहेवरची रक्ताळलेली गाठ काढून बारा तास झालेत आणि निम्मी पट्टी रुंद, वेड्यावाकड्या क्यूआरएसने भरली आहे. दुसरा 25 किलोच्या बॉक्सरचा. तीन मिनिटांच्या पट्टीत सगळं सरळ, मध्येच एक व्हीपीसी. मालक सांगतात, महिन्याभरात दोनदा धावता धावता कोसळला, अर्ध्या मिनिटात उठून शेपूट हलवायला लागला.

पहिली पट्टी बघून हात लिग्नोकेनकडे जातो. आधी हात पट्टीवर ठेवा आणि चौकोन मोजा. कागद सेकंदाला 50 मिमी वेगाने सरकत असेल तर 3000 भागिले दोन आर-मधले छोटे चौकोन, म्हणजे मिनिटाचा वेग. लॅबच्या रुंद ठोक्यांत 21 चौकोन भरले, वेग साधारण 143. नेहमीच्या सायनस ठोक्यांत 23, म्हणजे 130. दोघांत फारसा फरक नाही. रुंद ठोक्यांची रांग सुरू होताना आणि संपताना एखादा ठोका धड रुंद नाही, धड अरुंद नाही असा दिसतो. तो दोन्हीकडून आलेल्या लहरींचा मिश्र ठोका. जे केंद्र जरा पुढे, त्याचं राज्य, इतकीच ही चढाओढ. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणायचं नाही. हा ॲक्सिलरेटेड इडिओव्हेंट्रिक्युलर ऱ्हिदम. प्लीहेच्या शस्त्रक्रियेनंतर आणि पोट पिळवटलेल्या कुत्र्यांत तो नेहमी भेटतो आणि बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतो.

या लॅबचा रक्तदाब ठीक, हिरड्या गुलाबी, नाडी भरलेली. त्याला लिग्नोकेन नको. त्याला हवं वेदनाशामक, ऑक्सिजन, पुरेसं सलाईन, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन यांची तपासणी. पोटॅशियम कमी असेल तर लिग्नोकेन तसंही नीट काम करत नाही. मात्र मॉनिटर काढू नका. याच कुत्र्याचे चौकोन 13 वर आले, म्हणजे वेग 230 झाला, किंवा व्हीपीसी आधीच्या ठोक्याच्या टी-वर चढायला लागली, किंवा नाडी विरून दाब पडला, तर थांबायचं नाही. किलोला 2 मिग्रॅ प्रमाणे 60 मिग्रॅ, म्हणजे 2 टक्के द्रावणाचे 3 मिली, एक-दोन मिनिटांत सावकाश शिरेतून. बाटली ॲड्रेनलिनविरहित आहे हे दोनदा वाचा. जागा बधिर करायची बाटली कपाटात शेजारीच असते. परिणाम दिसला नाही तर पुन्हा, पण एकूण किलोला 8 मिग्रॅपर्यंतच. उलटी, थरथर दिसली की हात आवरायचा, पुढची पायरी झटक्यांची आहे.

आता बॉक्सर. त्याची एकुलती व्हीपीसी लिड 2 मध्ये वर तोंड करून आहे, म्हणजे ती बहुधा उजव्या व्हेंट्रिकलमधून येते. बॉक्सरमध्ये हे दिसलं की उजव्या व्हेंट्रिकलची ॲरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी मनात यायलाच हवी. त्यात तीन मिनिटांची पट्टी म्हणजे दिवसाच्या 1440 मिनिटांतली तीन. तिला ‘फक्त एकच’ म्हणून सोडणं हीच इथली चूक. होल्टर लावला तर 24 तासांत 2400 व्हीपीसी, जोड्या, आणि 240 वेगाची एक लहान रांग. इथे औषध हवं.

तरी होल्टरआधी सोटॅलॉल सुरू करायची घाई नको. काही बॉक्सर उत्तेजनानंतर हृदय मंदावून कोसळतात. त्यांना बीटा ब्लॉकर दिला तर त्रास वाढतो. म्हणून कोसळण्याच्या क्षणाची नोंद मिळाली तर सोनं. इकोही करून घ्या; आकुंचन कमकुवत असेल तर सोटॅलॉल जपून, त्याऐवजी मेक्सिलेटिनचा विचार. या कुत्र्याचं आकुंचन चांगलं, म्हणून सोटॅलॉल 40 मिग्रॅची गोळी दर बारा तासांनी, किलोला सुमारे 1.6 मिग्रॅ.

दोन-चार आठवड्यांनी पुन्हा होल्टर. व्हीपीसी 1800 वर आल्या म्हणून खूश होऊ नका; औषधाशिवायही दिवसागणिक आकडा इतका हलतो. साधारण 80 टक्के घट, म्हणजे 480 च्या खाली, आणि वेगवान रांगा गायब, तर औषधाचा गुण म्हणायचा. मालकांना मी हेही सांगतो की गोळीने ठोके कमी होतात, पण अचानक मृत्यू टळेलच अशी हमी मिळत नाही. हे ऐकून काही जण गप्प होतात, काही विचारतात, मग गोळी का? धावताना कोसळणं थांबावं म्हणून.