मेल फॉरवर्ड करायचा की मेलबॉक्सचा अॅक्सेस द्यायचा? मांद्रे-मोरजीतल्या छोट्या गेस्ट हाऊसवाल्यांसाठी

सीझन सुरू झाला की बुकिंगचे मेल येतात आणि त्यात आधार, पासपोर्ट, फोन नंबर सगळं एकत्र असतं. हे मेल स्टाफपर्यंत पोचवायचे तीन मार्ग आपल्याकडे चालतात: एक, फिल्टर लावून सगळ्यांना ऑटो-फॉरवर्ड, दोन, एकच पासवर्ड सगळ्यांना सांगून ठेवायचा, तीन, जीमेलमधलं डेलिगेशन, म्हणजे पासवर्ड न देता दुसऱ्याला आपला मेलबॉक्स उघडू द्यायचा. माझं मत सरळ सांगतो, तिसराच घ्या, आणि तोही फक्त फ्रंट डेस्कवाल्यालाच द्या.

एक मेल समोर ठेवू म्हणजे कळेल. ठाण्याचं चार जणांचं कुटुंब कोकणकन्येनं थिवीला उतरणार आहे, चौघांची आधारची पीडीएफ जोडलीय, दोन मोबाईल नंबर दिलेत आणि खाली लिहिलंय की आईला डायबिटीस आहे, जिने चढवत नाहीत, खालची रूम द्या. आता टॅक्सीवाल्या दादाला काय लागतं? एक नाव, एक नंबर, गाडी आणि वेळ, माणसं चार. स्वयंपाकघराला लागतं रूम नंबर आणि बिनसाखरेचा चहा-नाश्ता, नावाचीसुद्धा गरज नाही. आधार बघायचं काम फक्त डेस्कवाल्याचं. पण मेल जसाच्या तसा फॉरवर्ड केला की चारही आधार आणि आईचं आजारपण टॅक्सीवाल्याच्या फोनमध्ये जाऊन बसतं.

आणि तिथून ते परत आणता येत नाही, ही फॉरवर्डची खरी अडचण आहे. तुमच्या सेंटमध्ये एक कॉपी, त्याच्या इनबॉक्समध्ये दुसरी, त्यानं पीडीएफ डाउनलोड केली तर तिसरी, आणि तुम्ही मूळ मेल डिलीट केलात तरी ह्या बाकीच्या तशाच राहतात. जीमेलमध्ये रिप्लाय केला तर अटॅचमेंट जात नाही पण फॉरवर्डला जाते, हे घाईत लक्षात राहत नाही. म्हणून टॅक्सीवाल्याला फॉरवर्ड करूच नका, नवीन चार ओळींचा मेसेज टाइप करा, एक मिनिट लागतं.

पासवर्ड शेअर करणं वरवर सोपं वाटतं, कॉप्याही होत नाहीत. पण कोणी काय उघडलं, काय डिलीट केलं ते कळायला मार्ग नाही, आणि सीझन संपून मुलगा गावी गेला की पासवर्ड बदलून सगळ्यांना परत सांगत बसा. बहुतेक जण बदलतच नाहीत.

डेलिगेशनमध्ये तो स्वतःच्या अकाउंटमधून तुमचा मेलबॉक्स उघडतो, वाचतो, उत्तर देतो, पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही, आणि त्याचं नाव काढलं की त्याचा अॅक्सेस गेला. एक मर्यादा आहे, त्याला सगळाच मेलबॉक्स दिसतो, एकच लेबल दाखवायची सोय नाही. त्यामुळे बुकिंगसाठी वेगळा आयडी ठेवा, घरचे-बँकेचे मेल त्यात नकोत.

कायद्याचं म्हणाल तर आपला डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात. गेस्टनं बुकिंगसाठी आपणहून माहिती दिली तर ती बुकिंगपुरती वापरता येते, पुढच्या वर्षी ऑफर पाठवायला नाही. आपल्या कायद्यात आजाराच्या माहितीचा वेगळा वर्ग नाही, युरोपच्या कायद्यात आहे, त्यामुळे साइटवर युरोमध्ये भाव लावून जर्मन-फ्रेंच गेस्ट बोलवत असाल तर आणखी जपून.

माहिती साठवण्याबाबतही डेलिगेशनच सोपं पडतं. नियमांत किमान एक वर्ष माहिती आणि लॉग ठेवायला सांगितलंय, नंतर गरज नसेल तर काढायची. जीएसटीची बिलं 72 महिने ठेवावी लागतात, पण बिलासाठी आधारची पीडीएफ लागत नाही, बिल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग बुकिंगच्या मेलबॉक्समध्ये हे सर्च करा:

```
has:attachment older_than:1y
```

जे येतील ते बघून डिलीट करा, ट्रॅशमध्ये 30 दिवस राहून आपोआप जातात. जीमेलमध्ये नुसती अटॅचमेंट काढता येत नाही, पूर्ण मेलच जातो, म्हणून एखाद्या मेलवर वाद चालू असेल तर तो आधी बाजूला काढा. ऑटो-फॉरवर्ड असेल तर हीच साफसफाई प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन करायला हवी, ती कोण करणार?

गेस्टला मेलमध्येच सांगा की मास्क्ड आधार पाठवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. परदेशी गेस्टचा पासपोर्ट-व्हिसा मात्र पूर्ण लागतो, आल्यापासून 24 तासांत फॉर्म III, म्हणजे आधीचा फॉर्म सी, ऑनलाइन भरायचा असतो, तो भरणारा माणूस एकच ठेवा आणि डेलिगेशन त्यालाच द्या.

आज ऑटो-फॉरवर्ड चालू असेल तर आधी सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही टॅब तपासा, एका ठिकाणी बंद केलं तरी दुसरीकडून मेल जात राहतात.