सात महिने, ९,४०० किमी: गाडी घेण्याआधी पाहिलेल्या रिव्ह्यूंचा रिव्ह्यू

गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, मधलं व्हेरियंट. डिलिव्हरी डिसेंबरमध्ये, हे लिहितोय जुलैमध्ये. वापर मुख्यतः धुळे–जळगाव महामार्ग, जळगाव शहर आणि महिन्यातून एक-दोनदा रावेर-सावद्याकडे. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा रिव्ह्यू गाडीचा नाही. घेण्याआधी पाहिलेल्या व्हिडिओंचा आणि वाचलेल्या अनुभवांचा आहे. कोणाचं बोलणं सात महिन्यांनी खरं उतरलं, कोणाचं नाही आणि ते आधी ओळखता आलं असतं का, एवढंच.

आधी लेबलचं बघू, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होताना वरच्या कोपऱ्यात `Includes paid promotion` असं येतं आणि दहाएक सेकंदांत जातं. ते यूट्यूब शोधून लावत नाही, व्हिडिओवाला स्वतः टिक करतो तेव्हाच येतं. एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत, वस्तूचे गुण सांगणारा भाग चालू असेपर्यंत लेबल दिसत राहिलं पाहिजे. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत तर फुकटचा प्रवास आणि हॉटेलचा मुक्काम हेसुद्धा उघड करण्याजोगे 'संबंध' धरले आहेत. आता गाड्यांच्या फर्स्ट ड्राइव्हचे व्हिडिओ आठवा. विमानाचं तिकीट, रिसॉर्ट, जेवण, पेट्रोल, सगळं कंपनीचं. स्क्रीनवर मात्र त्याचा उल्लेख क्वचितच. त्यामुळे लेबल आहे म्हणजे पैसे किंवा दुसरा काही मोबदला घेतलाय हे नक्की, पण लेबल नाही याचा अर्थ काहीच निघत नाही.

मग बघायचं काय? 'हा माणूस विकला गेलाय का' हा प्रश्न बाजूला ठेवायचा, त्याचं उत्तर घरबसल्या मिळत नाही. त्याऐवजी विचारायचं, की हा जे सांगतोय ते त्याला कळायला संधी तरी होती का? त्याचं उत्तर व्हिडिओतच असतं, मीटरच्या काचेवर.

एक उदाहरण पूर्ण उलगडून सांगतो. या गाडीचा अठरा मिनिटांचा, भरपूर पाहिला गेलेला एक फर्स्ट ड्राइव्ह व्हिडिओ आहे. त्यात दोन ठाम वाक्यं होती. एक, 'एसी एकदम चिल्ड, भारतीय उन्हाळ्यासाठी परफेक्ट.' दुसरं, 'आम्हाला एकवीसच्या वर मायलेज मिळालं.' व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावायचा, मीटर दिसेल तिथे थांबवायचा आणि स्वल्पविराम व पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करायची. मोबाइलवर एवढं बारीक जमत नाही. तीन-चार सेकंदांच्या त्या शॉटमध्ये चार आकडे वाचता आले: घड्याळ सकाळी ७:१२, बाहेरचं तापमान २३ अंश, ट्रिप ३८.२ किमी, सरासरी वेग ताशी ५८.

एसीचा दावा इथेच संपला. तेवीस अंशांत एसी चिल्डच असणार, तेवढ्यात तर पंखाही पुरतो. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तिथे एसीची परीक्षा पळत्या गाडीत होतच नाही, थांबलेल्या गाडीत होते. कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. आयडलिंगला इंजिन सावकाश, म्हणजे कंप्रेसरही सावकाश. पुढच्या कंडेन्सरला धावण्याचा वारा नाही, फक्त पंख्याचा, आणि तोही खालच्या तापलेल्या डांबरावरून येणारा. मे महिन्यात सावद्याजवळ केळीच्या ट्रकांच्या रांगेत दुपारी दीड वाजता हीच गाडी दहा मिनिटं उभी राहिली, तेव्हा पुढच्यांना ठीक होतं, पण मागे बसलेल्यांना व्हेंटमधून नुसतं वारं लागत होतं, गारवा नाही. रांग सुटून गाडी साठच्या वेगाला लागली की पाच मिनिटांत पुन्हा गार. हा बिघाड नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये गॅसही बरोबर निघाला. गाडीची मर्यादाच तेवढी. पण ती सांगणारा एकही व्हिडिओ तेवीस अंशांतल्या शूटिंगमधून निघणं शक्यच नव्हतं. ज्याला आपल्याकडच्या उन्हाची काळजी आहे त्याने एप्रिल ते जूनमध्ये चित्रित झालेलाच व्हिडिओ शोधावा आणि त्यातही गाडी आधी तासभर उन्हात उभी होती का ते ऐकावं.

मायलेजचं गणित थोडं जास्त फसवं. अडतीस किलोमीटरची ट्रिप आणि ५८ चा सरासरी वेग याचा अर्थ मीटर शहराबाहेर आल्यावर शून्य केलं, इंजिन तोवर गरम झालेलं आणि मधे सिग्नल लागलाच नाही. एकवीस हा आकडा खोटा नसेल, पण तो त्या अडतीस किलोमीटरांचाच. ब्रोशरमधला एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडासुद्धा असाच वाचावा. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून होते आणि तिच्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही.

आपला आकडा काढायचा तर टाकी ते टाकी. पंपावर नोझल आपोआप कट होईपर्यंत भरायचं, 'अजून पन्नासचं टाका' म्हणायचं नाही, ट्रिप शून्य करायची. किमान तीनशे-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर पुन्हा कटपर्यंत. इथे महामार्गावर तिघे आणि एसी धरून ४३१ किमीला २७.१ लिटर लागलं, म्हणजे १५.९. त्या वेळी गाडीचा स्क्रीन दाखवत होता १७.२. जवळपास आठ टक्के जास्त. जळगावात गणेश कॉलनी, रिंगरोड असं फिरताना साडेअकरा. म्हणून ज्या रिव्ह्यूत फक्त स्क्रीनचा फोटो आहे आणि पेट्रोलची पावती नाही, तिथून आठ-दहा टक्के मनातल्या मनात वजा करून मोकळं व्हावं.

आता एक खूण, जी सात महिन्यांत सगळ्यात जास्त कामी आली. पैसे घेतलेल्या रिव्ह्यूतही तोटे सांगतात. सांगावेच लागतात, नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही. पण ते तोटे कसले असतात? मागे कप होल्डर लहान आहे, पियानो ब्लॅकवर बोटांचे ठसे उमटतात, मागच्या सीटला टाइप-सी हवा होता. म्हणजे ज्याने गिऱ्हाईक परत फिरणार नाही असे. हलक्या वेगात दुसऱ्या गिअरला गाडी अडखळते, टर्बो जागा होईपर्यंत लळिंग घाटात ट्रकमागे तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं, तीन सिलिंडरची थरथर आयडलिंगला सीटमध्ये कळते, असलं काही त्या अठरा मिनिटांत नव्हतं. हे तिन्ही पहिल्या आठवड्यात जाणवतात. खात्री करायला वर्णनातलं `Show transcript` उघडून क्लच, आयडल, सर्व्हिस, खर्च हे शब्द शोधावेत. अठरा मिनिटांत सनरूफ अकरा वेळा आणि सर्व्हिस एकदाही नाही, म्हणजे माणूस गाडी वापरून बोलत नाही, दिलेला कागद वाचून बोलतोय. तीन वेगवेगळ्या चॅनेलवर तीच विशेषणं त्याच क्रमाने आली तर कागदही एकच समजा.

नंबर प्लेटही बघत जा. 'माझी गाडी, सहा महिन्यांचा अनुभव' म्हणणाऱ्याच्या गाडीचा नंबर दुसऱ्या दोन चॅनेलवर दिसला, तर ती मीडियाला फिरवायला दिलेली गाडी आहे. अशी गाडी जवळपास नेहमीच टॉप व्हेरियंट असते, मोठ्या अलॉयची. मधल्या व्हेरियंटचे टायर आणि रिम वेगळे, त्यामुळे खड्ड्यात बसणारा दणका आणि टायरचा आवाज यांबद्दल तिथे ऐकलेलं आपल्या गाडीला लागू होत नाही. आमच्या बाबतीत ते उलट फायद्याचं ठरलं. जाड साइडवॉलमुळे यावल-चोपडा रस्त्यावर मधलं व्हेरियंट टॉपपेक्षा मऊ चालतं.

आपल्याकडचे स्थानिक चॅनेलवाले हा वेगळाच प्रकार. 'राम राम मंडळी, गाडी कशी शे ते दखूत' अशी सुरुवात, मागे शोरूमची काच, शेवटी सेल्समनचा मोबाइल नंबर. हे फसवतात असं म्हणणार नाही, त्यात लपवलेलं काहीच नसतं. ती शोरूमची जाहिरात आहे आणि तशीच पाहावी. ऑन-रोड किंमत, ॲक्सेसरीजचे दर, बूटमध्ये काय मावतं, यासाठी ते पुण्या-मुंबईच्या चॅनेलपेक्षा उपयोगी. गाडी कशी चालते हे त्यांना विचारू नये, कारण गाडी तिथून हललेलीच नसते.

लेखी रिव्ह्यूंची गाळणी सोपी आहे: तारखा. बुकिंग सुरू झालं एका महिन्यात, डिलिव्हरी दुसऱ्या. त्या दोन्हींच्या मधल्या काळात 'मायलेज छान, लुक जबरदस्त, व्हॅल्यू फॉर मनी' असे पाच-पाच स्टार दिलेले ढिगाने सापडले. गाडी कोणाच्या दारात पोचलीच नव्हती. उलट भरवशाचा लेखी अनुभव बऱ्याचदा रटाळ असतो. त्यात सर्व्हिसच्या बिलाच्या ओळी असतात, 'कन्झ्युमेबल्स'च्या नावाखाली काय लावलं त्याची कुरकुर असते, टायर कितव्या हजाराला फिरवले ते असतं. व्हिडिओखालच्या कॉमेंटही `Newest first` लावून वाचाव्यात. वरच्या कॉमेंट पहिल्या दिवसाच्या असतात, मालक बोलतो सहा महिन्यांनी.

ही पद्धत दोनदा चुकली, तेही सांगितलं पाहिजे. हेडलाइटचं कौतुक एका उघडपणे पैसे घेतलेल्या व्हिडिओत होतं, म्हणून सोडून दिलं. लाइट खरोखरच चांगले निघाले, पारोळ्याच्या पुढे रात्री बिनलाइटचा ट्रॅक्टर वेळेत दिसतो. आणि एका प्रामाणिक मालकाने क्लच जड असल्याचं लिहिलं होतं. त्याची गाडी तेव्हा आठशे किलोमीटर चाललेली. इथे क्लच जड वाटलाच नाही. प्रामाणिक माणूसही एकाच गाडीबद्दल बोलतो. तीच तक्रार तीन वेगळ्या मालकांकडून, वेगळ्या महिन्यांत आली तरच ती गाडीची धरावी. शिव्या देणाऱ्या व्हिडिओलाही हाच नियम, कारण त्यातही काही दुसऱ्या कोणाच्या पैशाने झालेले असू शकतात.

मागच्या एसीबद्दल अशी तक्रार तिघांनी केलेली होती. एक नागपूरचा, एक अकोल्याचा, एक राजस्थानातला. तिन्ही पोस्ट मे-जूनमधल्या. बुकिंगच्या वेळी, नोव्हेंबरात, त्या वाचूनही सोडून दिल्या गेल्या. मागच्या दोन्ही काचांना आता जाळीचे पडदे लावलेत, साडेसहाशे रुपयांत. दुपारी थोडा फरक पडतो.