‘पॅसेज न वाचता उत्तर’ शिकवणाऱ्या क्लासला मी साडेआठ हजार दिले, तुम्ही देऊ नका

राज्यसेवा पूर्वचा सीसॅट अडलाय म्हणून जे कोणी आत्ता क्लास शोधतायत त्यांच्यासाठी लिहितेय. क्लासचं नाव घेत नाही, कारण असे क्लास एक नाही, आणि मला त्यांची पद्धत सांगायचीय, ती एकदा कळली की नाव कुठलंही असो तुम्हाला ओळखता येईल.

मी बार्शीची, पुण्यात अभ्यासिका लावून तयारी करत होते. सीसॅट म्हणजे पेपर दोन, ८० प्रश्न, २०० मार्क, आता फक्त क्वालिफाइंग आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं पण ८० पैकी पन्नासच्या आसपास प्रश्न पॅसेजचे असतात, आणि प्रत्येक चुकीला पाव प्रश्नाचे मार्क जातात, म्हणजे बरोबर आलं तर अडीच मिळतात आणि चुकलं तर ०.६२५ कापले जातात. माझं गणित कच्चं, त्यामुळे सगळी भिस्त पॅसेजवर, आणि तिथेच मार्क जात होते.

तेव्हा एका मैत्रिणीबरोबर डेमो लेक्चरला गेले. सरांनी स्क्रीनवर आयोगाच्या जुन्या पेपरातला पॅसेज लावला, वर कागद धरून झाकला आणि फक्त पर्याय वाचून तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर काढून दाखवली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नियम असे होते, ज्या पर्यायात केवळ, सर्व, कधीही, नेहमी किंवा ‘च’ आहे तो काटा, ज्या पर्यायात पॅसेजमध्ये नसलेला शब्द आहे तो काटा, आणि ‘मात्र’ किंवा ‘परंतु’ नंतरचं वाक्य म्हणजे लेखकाचं मत. तीस दिवसांत ९० टक्के अचूकता, नाही आली तर फी परत. मी त्याच दिवशी पैसे भरले, यूपीआयने, आणि ते पैसे क्लासच्या नाही तर सरांच्या स्वतःच्या खात्यावर गेले हे मी तेव्हा पाहिलं पण विचारलं नाही.

पहिल्या दिवशी टेस्ट झाली, २५ प्रश्न, मला ८ बरोबर. दर आठवड्याला टेस्ट आणि दर आठवड्याला आकडा वाढत गेला, १२, १५, १९, शेवटी २२. प्रत्येकाचा ग्राफ भिंतीवर लावायचे. मी पप्पांना फोटो पाठवला होता. मग पूर्व परीक्षा झाली आणि सीसॅटमध्ये ६६ सुद्धा पडले नाहीत. पेपर एक चांगला गेला होता पण दोनमध्ये क्वालिफाय नाही म्हटल्यावर तो कोण बघणार. उत्तरतालिका घेऊन बसले तर पॅसेजचे ४८ प्रश्न सोडवले होते, बरोबर १९. म्हणजे ४७.५ मिळाले आणि २९ चुकांचे १८ पेक्षा जास्त गेले, हातात २९ राहिले. वर्ष गेलं.

त्यानंतर मी क्लासच्या सगळ्या टेस्ट काढून समोर ठेवल्या आणि फसवणूक नेमकी कुठे होती ते दिसलं. पहिल्या टेस्टचे पॅसेज लांबलचक, निम्मे तत्त्वज्ञानावरचे, वेळ कमी. शेवटच्या टेस्टचे पॅसेज दहा ओळींचे, आणि प्रश्न असे की उत्तर पॅसेजमध्ये जसंच्या तसं छापलेलं. त्यातले बरेच तर क्लासच्याच नोट्समध्ये आधी सोडवून घेतलेले होते, फक्त पर्यायांचा क्रम बदललेला. म्हणजे वाचन सुधारलं नव्हतं, पेपर सोपा होत गेला होता आणि उरलेलं पाठ होतं. डेमोमध्ये सुद्धा त्या पॅसेजवर पाच प्रश्न होते आणि सरांनी तीनच दाखवले होते, मी नंतर मूळ पेपर काढून बघितला, उरलेल्या दोन प्रश्नांत ती ट्रिक चुकते.

ट्रिक का चुकते हे नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलं. हा बघा मी स्वतः बनवलेला नमुना, आयोगाच्या धर्तीवर.

‘ठिबक सिंचनामुळे एकरी लागणारे पाणी कमी होते, हे निर्विवाद आहे. मात्र वाचलेले पाणी विहिरीतच राहते असे नाही. अनेक शेतकरी त्याच पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवतात किंवा अधिक पाणी लागणारे पीक घेतात. उपशावर मर्यादा नसेल, तर भूजलाची पातळी सावरेलच असे म्हणता येत नाही.’

लेखकाच्या मताशी सुसंगत विधान कोणतं?
१) ठिबक सिंचनामुळे भूजलाची पातळी सावरते.
२) ठिबक सिंचनामुळे भूजलाची पातळी सावरणार नाही.
३) केवळ ठिबक सिंचन केल्याने भूजलाची पातळी सावरेलच असे नाही.
४) जास्त पाणी लागणाऱ्या पिकांवर बंदी घालणे आवश्यक आहे.

आता ट्रिक लावा. तीनमध्ये ‘केवळ’ आहे आणि ‘च’ पण आहे, काटला. चारमध्ये बंदी हा नवा शब्द, काटला. उरले एक आणि दोन, ‘मात्र’नंतर नकारात्मक सूर आहे म्हणून दोन. आणि बरोबर उत्तर तीन आहे. लेखक पातळी सावरणार नाही असं कुठेच म्हणत नाही, तो म्हणतो सावरेलच याची खात्री नाही. ‘सावरणार नाही’ आणि ‘सावरेलच असे नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मराठीत तो फरक त्या एका ‘च’ मध्ये बसलेला असतो. ‘च’ आणि ‘केवळ’ नुसते दिसले म्हणून पर्याय टोकाचा होत नाही, पुढे ‘असे नाही’ आलं की तोच पर्याय सगळ्यात सौम्य होतो. पण हे कळायला वाक्य शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि आम्हाला तर न वाचण्याचे पैसे घेऊन शिकवलं होतं.

क्लासमध्ये अजून एक गोष्ट व्हायची, टेस्ट झाली की सर उत्तरं वाचून दाखवायचे, आपण टिक करायची, चूक असेल तर बाजूला ‘सिली मिस्टेक’ लिहायचं आणि पुढे. माझ्या टेस्टवर सगळीकडे सिली मिस्टेक लिहिलेलं आहे, अगदी वरच्यासारख्या प्रश्नांवर सुद्धा. तो शब्द लिहिला की वाटतं आपल्याला येत होतं, फक्त घाई झाली. ते खरं नव्हतं.

मग अभ्यासिकेतल्या एका दादाने, तो मुख्यला बसलेला होता, मला वेगळी वही करायला लावली. आयोगाच्या वेबसाइटवर जुने पेपर आणि अंतिम उत्तरतालिका फुकट आहेत, तेच वापरायचे, रोज दोनच पॅसेज. उत्तरतालिका बघायच्या आधी प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ लिहायची की मी हा पर्याय का निवडला, आणि खात्री नसेल तर ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहायचं. मग तालिका बघून, चुकलं असेल तर पॅसेजमधलं ते वाक्य शोधून उतरवायचं ज्यावर बरोबर उत्तर उभं आहे, आणि माझ्या पर्यायातला तो शब्द अधोरेखित करायचा जो पॅसेजच्या पुढे जातो. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न पण चुकीसारखाच तपासायचा, हे मला आधी जीवावर यायचं. तालिका घेताना अंतिमच घ्या, पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात, रद्द झालेल्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

दीड महिन्याने वही चाळली तर साधारण १२० चुका होत्या आणि त्यातल्या पन्नासहून जास्त एकाच प्रकारच्या, मी पॅसेजमध्ये नसलेलं पण मला आधीपासून माहीत असलेलं उत्तर निवडलं होतं. शेती, पाणी, महिला, आरोग्य, जिथे जिथे मला स्वतःचं मत होतं तिथे मी लेखकाचं न ऐकता माझंच मत टिक करत होते. घाईने प्रश्न उलटा वाचणं, म्हणजे ‘अयोग्य विधान’ विचारलंय आणि योग्य टिक केलं, अशा खऱ्या सिली मिस्टेक फक्त नऊ होत्या. हे वही नसती तर कधीच दिसलं नसतं.

वाचनाचं पण तसंच. मी आधी रोज फक्त अग्रलेख वाचायचे, त्यामुळे राजकारणाचे पॅसेज जमायचे आणि पेशी, चित्रकला, अर्थशास्त्र आलं की पाय लटपटायचे. आता रोज चाळीस मिनिटं, पण विषय रोज वेगळा. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातली विज्ञान किंवा तत्त्वज्ञानाची नोंद एक दिवस, राज्याच्या आर्थिक पाहणीची दोन पानं एक दिवस, ‘योजना’ मासिकातला लेख, एक दिवस इंग्रजी पेपरातला लेख कारण काही पॅसेज फक्त इंग्रजीतच असतात. वाचून झालं की पान बंद करून दोन ओळी लिहायच्या, लेखक काय म्हणतो आणि काय म्हणत नाही. दुसरी ओळ फार अवघड जाते, सुरुवातीला मला सुचायचीच नाही, पण पर्यायांमधले सापळे नेमके त्या दुसऱ्या ओळीतूनच तयार होतात. मग पान उघडून ताडून बघायचं.

पाच महिन्यांनी आधी कधीच न बघितलेला एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. पॅसेजचे ३८ च प्रश्न सोडवले, २७ बरोबर, ११ चूक, हातात साधारण ६० मार्क. कमी सोडवून मार्क दुप्पट. तीस दिवसांत हे झालं नसतं, पहिले दोन महिने तर आकडा हललाच नव्हता.

फीबद्दल सांगते. परत मागायला गेले तर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होतं, ९५ टक्के हजेरी आणि सगळ्या टेस्ट दिल्या तरच, आणि मी एक टेस्ट ताप आला म्हणून चुकवली होती. पावती मागितली तर नाही म्हणाले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्यांच्या जाहिरातीचा फोटो जोडून. यशाची हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना आळा घालणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आहेत, त्याचा उल्लेख केला. त्यानंतर क्लासचा फोन आला आणि चार हजार परत मिळाले, बाकीचे नाही.

तुम्ही डेमोला जाणारच असाल तर स्वतःच्या बॅगेत आयोगाचा एक जुना पेपर आणि अंतिम तालिका घेऊन जा, पॅसेज तुम्ही निवडा आणि म्हणा, सर, ह्याचे पाचही प्रश्न करून दाखवा. माझी मैत्रीण तिथेच पुढच्या बॅचचे पैसे भरणार होती, तिने हे विचारलं, सर म्हणाले डेमोत वेळ नसतो, ती उठून आली. आता आम्ही दोघी एकमेकींच्या वह्या तपासतो. तत्त्वज्ञानाच्या पॅसेजमध्ये माझे अजूनही पाचातले दोनच येतात, ते मी सध्या शेवटी ठेवते.