कर्मचारी ट्रस्टचे शेअर आणि ट्रेझरी शेअर: टक्का कशावर काढायचा?

सांगलीतली एक काल्पनिक कंपनी घ्या: एकूण 1 कोटी शेअर, प्रवर्तकांकडे 60 लाख, कर्मचारी ट्रस्टकडे 5 लाख. कोणाकडे किती शेअर हे दाखवणाऱ्या शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात ट्रस्ट ‘ना प्रवर्तक, ना पब्लिक’ या गटात येतो. त्यामुळे 35 लाखांनाच पब्लिक म्हणा. प्रवर्तकांचा टक्का 60 दिसतो. पण सेबीच्या नियमाने ट्रस्टी मत देत नाहीत, म्हणून मतदानात तो 60/95, म्हणजे 63.16 होतो. कर्मचाऱ्याने शेअर घेतले की मत परत येतं.

हेच 5 लाख अमेरिकी कंपनीने स्वतःच परत विकत घेऊन ट्रेझरीत ठेवले असतील तर मतही नाही, लाभांशही नाही. भागाकार थेट 95 लाखांनी. आपल्याकडे बायबॅकचे शेअर रद्दच होतात, त्यामुळे तक्त्यात ते शोधूच नका.