आयएसआयचा छाप असलेला खुळखुळा आणि बिलावरची ‘शोभेची वस्तू’

सात महिन्यांच्या मुलीसाठी पाच खुळखुळ्यांचा संच मी एका प्रदर्शनातील स्टॉलवरून १,२४९ रुपयांना घेतला. स्वस्ताच्या मोहात पडले, असे कोणी म्हणू नये; रस्त्यावर दोनशे रुपयांना मिळणारा संच सोडून मी आयएसआय चिन्ह पाहूनच हे पैसे मोजले होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे, हे विक्रेत्यालाही ठाऊक होते आणि त्याने सर्वांत आधी तेच बोट ठेवून दाखवले.

आठवड्याच्या आत एक खुळखुळा फरशीवर पडला आणि मधल्या जोडावर उकलला. दोन अर्धगोल केवळ गोंदाने चिकटवलेले होते. आतले वाटाण्याएवढे मणी चटईभर पसरले. एक मुलीच्या ओठांवरच होता. तो स्पष्ट दिसत होता म्हणून सासूबाईंना अलगद उचलता आला. घशात गेलेली वस्तू न दिसता बोट घालून काढू नये, ती आणखी आत ढकलली जाते.

खोक्यावर ‘६ महिन्यांपासून’ असे गोल स्टिकर होते. त्याची कड दुकानातच थोडी उचललेली दिसली होती आणि तिथेच मी थांबायला हवे होते, हे आता रात्रंदिवस सलते. घरी ते सोलले, तर खाली बाळाच्या चेहऱ्यावर तिरपी रेघ मारलेले ‘०-३’ चिन्ह निघाले. तीन वर्षांखालील मुलांना ही वस्तू देऊ नये, असा त्याचा अर्थ. पण भर गर्दीत स्टिकर खरवडून कोण पाहते?

आयएसआय चिन्हाखालचा CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक मी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला, तेव्हा भलत्याच उत्पादकाचे नाव आले. तुम्ही ही तपासणी पैसे देण्यापूर्वी, काउंटरवर उभे राहूनच करा. सीई हे युरोपचे चिन्ह आहे, ते आयएसआयची जागा घेत नाही.

तक्रार घेऊन गेले, तर पहिल्या कार्यालयाने बिल पाहिले. त्यावर ‘शोभेची वस्तू’ असे लिहिलेले होते. मग हे खेळणेच नाही, सबब आमचा विषय नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी स्टॉलचा कायमचा पत्ता मागितला. प्रदर्शन उठल्यावर तो कुठून आणायचा? तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, बाळाला काही झालं नाही ना?” म्हणजे मणी घशात अडकल्यावरच अर्ज घेणार होते का? बिलावर ‘खेळणे’ हा शब्द आणि विक्रेत्याचा पत्ता लिहूनच घ्या.

घरी टॉयलेट पेपरची सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची रिकामी नळी ठेवा. जे खेळणे किंवा त्याचा सुटणारा भाग तिच्यातून आरपार जातो, तो बाळाच्या हाती देऊ नका. मात्र अख्खा खुळखुळा नळीत शिरतच नाही आणि या परीक्षेत सहज पास होतो, म्हणून तो आधी ओढून, पिळून, जोडावर नख लावून पाहा. दिवे लागणारे खेळणे असेल, तर बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद हवे. बटण सेल गिळला गेला, तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते.