हेडऑफिसचा खर्च ब्रांचवर टाकायचाय: विक्रीवर वाटू की कामावर?

दोन ब्रांच धरा. पहिलीची महिन्याची विक्री 70 लाख, दुसरीची 30. हेडऑफिसचं भाडं 2 लाख, तिथल्या लोकांचे पगार 4 लाख, म्हणजे वाटायचे 6 लाख.

विक्रीवर वाटलं तर 4.2 आणि 1.8. पाच मिनिटांचं काम, आकडे आधीच हातात असतात, म्हणून बहुतेक जण हेच करतात. पण पुढच्या महिन्यात पहिलीची विक्री घसरून 45 वर आली आणि दुसरी 30 वरच राहिली, तर दुसरीचा वाटा 40 टक्के, म्हणजे 2.4 लाख होतो. तिने काहीच केलं नाही तरी 60 हजार जास्त! तो मॅनेजर भांडायला येणारच, आणि बरोबरच आहे त्याचं.

कामावर वाटायचं तर आधी बघा हेडऑफिसचे लोक कुणासाठी राबतात. अकाउंट्सवाले असतील तर बिलं-व्हाउचरची संख्या, एचआर असेल तर ब्रांचमधली माणसं. पहिली ब्रांच मोठी पण मोजकी बिलं करते, दुसरी किरकोळ बिलांचा ढीग पाठवते, मग व्हाउचर निम्मे-निम्मे निघाले तर पगाराचे 2-2 लाख. भाड्याला लोक ब्रांचचा चौरस फूट लावतात, ते मला पटत नाही, कारण ब्रांचच्या जागेचा हेडऑफिसच्या भाड्याशी संबंधच काय? हेडऑफिसमध्ये ज्या टीमने जेवढी जागा अडवलीय तेवढं भाडं त्या टीमवर टाका आणि ते तिच्या पगारासोबतच जाऊ द्या. इथे सगळी जागा अकाउंट्सचीच धरली तर दोघांना 3-3 लाख. मोजायची कटकट आहे खरी, म्हणून मी मागच्या वर्षाच्या आकड्यांवरून टक्के ठरवून वर्षभर तेच ठेवते.

दोनच ब्रांच असतील आणि धंदा एकसारखा असेल तर विक्रीवर वाटा, बाकी ठिकाणी कामावर.

एंट्री दोन्हीत सारखीच. ब्रांचच्या वहीत ‘हेडऑफिस खर्च वाटा’ डेबिट, हेडऑफिस खातं क्रेडिट. हेडऑफिसच्या वहीत ब्रांच खातं डेबिट आणि ‘खर्च वाटप वसुली’ क्रेडिट, भाडं-पगार खात्यांना थेट क्रेडिट देऊ नका, नाहीतर खरं भाडं किती दिलं ते शोधत बसाल. एकत्र हिशेबात वाटा आणि वसुली एकमेकांना कापतात, एकूण नफा हलत नाही. महिनाअखेर ब्रांचच्या वहीतलं हेडऑफिस खातं आणि हेडऑफिसच्या वहीतलं ब्रांच खातं जुळलं नाही आणि फरक बरोबर त्या महिन्याच्या वाट्याइतकाच आला, तर बहुतेक वेळा ब्रांचने एंट्रीच टाकलेली नसते, आधी तेच बघा.

आणि ब्रांचचा नफा वाट्याच्या आधीचा वेगळा दाखवा. दुसरी ब्रांच वाट्याआधी 2 लाख कमावते, 3 लाख वाटा लागला की 1 लाख तोटा दिसतो, मालक म्हणतो बंद करा. बंद केली तरी ते 3 लाख तसेच राहतात, फक्त पहिलीच्या गळ्यात पडतात.