जीपीएस घड्याळ काही महिने वापरल्यावर: पेसवर विश्वास कधी ठेवायचा

मोकळ्या रस्त्यावर या घड्याळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वर आकाश दिसतंय आणि रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे, तोवर किलोमीटरचा आकडा ठीक येतो. खरी परीक्षा उंच इमारतींच्या मधून धावताना होते.

तिथला प्रकार असा. पाय एकाच लयीत पडत असतात, पण स्क्रीनवर पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, 5:00 मिनिटांवरून 4:20 वर जातो आणि थोड्याच अंतरावर 6:10 होतो. घरी येऊन नकाशा पाहिला तर रेघ रस्ता सोडून इमारतीच्या पोटातून गेलेली. उपग्रहाचा सिग्नल निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून घड्याळ अंतर काढतं. काचेच्या भिंतीवर आपटून आलेला सिग्नल लांबून फिरून येतो, त्यामुळे तो उपग्रह आहे त्यापेक्षा दूर भासतो आणि आपली जागा बाजूला सरकते.

एवढ्याशा सरकण्याने किती फरक पडावा? 5:00 च्या पेसला आपण सेकंदाला साधारण 3.33 मीटर पुढे जातो. प्रत्येक सेकंदाला नोंदलेला बिंदू आधीच्या बिंदूपेक्षा आलटून पालटून एक मीटर डावी-उजवीकडे पडला, तर त्या तिरक्या रेघेची लांबी 3.48 मीटर भरते. म्हणजे काहीही न करता पेस 4:47! घड्याळ हे आकडे गाळून गुळगुळीत करतं, म्हणून एवढा फरक नेहमी दिसत नाही. पण गुळगुळीत करण्याचीही किंमत असते: पेस काही सेकंद मागचा दिसतो, आणि कोपऱ्यावर वळताना रेघ कोपरा कापून जाते. एकीकडे अंतर वाढतं, दुसरीकडे घटतं. कधी दोन्ही चुका एकमेकींना खाऊन एकूण आकडा छान जुळतो, आणि त्यावर खूश होण्यात अर्थ नसतो.

ड्युअल बँड चालू केल्यावर फरक जाणवला. नेहमीच्या L1 सोबत L5 हा दुसरा सिग्नल घेतला जातो. त्याचा कोड दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं. माझी रेघ इमारतीतून बाहेर येऊन निदान रस्त्यावर तरी आली. मात्र थेट सिग्नलच भिंतीआड गेला असेल तर L5 तरी काय करणार? बॅटरीही लवकर उतरते, म्हणून मोकळ्यावर मी तो बंदच ठेवते.

बोगद्याचं गणित वेगळं. तिथे सिग्नलच नसतो. काही घड्याळं हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतात, काही आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा बिंदू सरळ रेघेने जोडतात. बोगदा वळणाचा असेल तर सरळ रेघ हमखास कमी भरते. बाहेर पडताच जागा एकदम उडी मारते आणि क्षणभर विश्वविक्रमी पेस दिसतो. बाहेर आल्यावर रेघ स्थिरावेपर्यंत मी पेसकडे बघतच नाही.

ट्रॅकवर उलट अपेक्षा असते: आकाश मोकळं, मग चूक कशी? तर अर्धा ट्रॅक वळणाचा असतो आणि घड्याळ ते वळण तुकड्या-तुकड्यांनी जोडतं. तुकडे सरळ जोडले की अंतर घटतं, बिंदू डावी-उजवीकडे पडले की वाढतं. पहिल्या लेनची एक फेरी 400 मीटर, हे आधीच मोजलेलं आहे. माझी एक फेरी 1:40 मध्ये झाली, म्हणजे पेस 4:10. घड्याळाने तीच फेरी 410 मीटर धरली आणि पेस 4:04 दाखवला. इंटरव्हलमध्ये सहा सेकंद म्हणजे वेगळाच वर्कआउट. दहा फेऱ्यांत 100 मीटर फुकटचे. ट्रॅक मोड लावला तर घड्याळ रेघ लेनवर बसवतं, पण लेन बरोबर सांगावी लागते. 1.22 मीटर रुंदीच्या लेन असतील तर प्रत्येक बाहेरच्या लेनला फेरी साधारण 7.67 मीटरने वाढते. तिसऱ्या लेनमध्ये धावताना पहिली निवडलेली असेल, तर फेरीमागे 15 मीटर हिशोबातून गेलेच. मला सोपं वाटतं ते लॅपचं बटण: रेषेवर दाबायचं, वेळ बघायची आणि अंतर 400 धरायचं.

आता स्क्रीनवर मी तात्कालिक पेस ठेवतच नाही. त्या जागी लॅप पेस आहे, म्हणजे चालू लॅपची सरासरी, आणि लॅपचे पहिले दोन-तीनशे मीटर त्यालाही गंभीरपणे घेत नाही. पाच मीटरची चूक 200 मीटरवर अडीच टक्के होते, किलोमीटरवर अर्धा टक्का. पेस अचानक बदलला की आधी केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, आणि हृदयगती बघते. पेस अर्ध्या मिनिटाने सुधारलाय आणि ते दोन्ही जागेवर आहेत, तर ती घड्याळाची करामत. फक्त हृदयगतीवर जाऊ नका, ती वेगाच्या मागून वाढते.

पुन्हा घेईन का? इमारतींमधूनच रोज धावत असाल तर ड्युअल बँडचे जास्तीचे पैसे वसूल होतात. बहुतेक धावणं ट्रॅकवर असेल तर साधं घड्याळ आणि लॅपचं बटण पुरे.